अर्धा तास मामांचा

माझे मामा सभांचं थेट प्रक्षेपण करतात. पूर्वी ते लाउडस्पीकर लावायचे, मग लग्नांचे व्हिडिओ काढू लागले, आणि गेली सहा वर्षं दोन कॅमेरे, एक मिक्सर आणि एक म्हातारा लॅपटॉप यांच्या जोरावर गावातल्या बैठका, व्याख्यानं, अंत्यसंस्कारसुद्धा दूरच्यांना दाखवतात. मी त्यांची मदतनीस. फोनवर बघत बसायचं, आवाज येतोय का, चित्र अडकतंय का, आणि बिघडलं की मामांना कोपराने ढोसायचं, एवढंच माझं काम. मामांचा स्वभाव इतका गरीब की समोरच्याने पायावर पाय दिला तरी हेच माफी मागतील. मला ते बघवत नाही. घरात म्हणतात, मामांच्या वाटणीचा राग देवाने चुकून भाचीला दिला.

त्या रागाचं चीज झालं ते प्रसूती विभागाच्या सुनावणीत.

आमच्या रुग्णालयाचा प्रसूती विभाग बंद करायचा घाट घातला होता. सगळ्यात जवळचा दुसरा विभाग गाडीने दोन तासांवर. मला आठवा महिना लागला होता, त्यामुळे ही बातमी मी इतरांसारखी चहा पिता पिता वाचली नाही. निर्णय घेणारं मंडळ राजधानीत बसायचं. त्यांनी कळवलं होतं की आम्ही सुनावणी ऑनलाइन बघू, रेकॉर्डिंग तपासू आणि बाराव्या दिवशी बैठकीत ठरवू. म्हणजे जे प्रक्षेपणात येईल तेवढंच मंडळाला कळणार. बाकीचं बोललं काय न बोललं काय, सारखंच.

प्रक्षेपणाचं काम मामांना मिळालं, पण ज्या ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून ते करायचं, त्यावरचं खातं रुग्णालयाच्या अधीक्षक साहेबांच्या कार्यालयाच्या नावावर. कोणता प्लॅन घ्यायचा ते साहेब ठरवणार. मामांनी त्यांना नीट कागदावर लिहून दिलं होतं. सगळ्यात खालच्या प्लॅनमध्ये एका वेळी बाहेरच्या दोनच ठिकाणी, म्हणजे दोनच पानांवर प्रक्षेपण जातं. एक प्रक्षेपण सलग तीन तासांच्या वर चालत नाही, आपोआप बंद पडतं. प्लॅटफॉर्मच्या स्वतःच्या पानावर शंभरच प्रेक्षक मावतात. आणि रेकॉर्डिंग सात दिवस राहतं, आठव्या दिवशी पुसलं जातं. त्याच्या वरचा प्लॅन घ्या, मामांनी लिहिलं, त्यात पाच ठिकाणं, आठ तास, हजार प्रेक्षक आणि महिनाभर रेकॉर्डिंग. मंडळाची बैठक बाराव्या दिवशी आहे, हे त्यांनी खाली रेघ मारून लिहिलं होतं.

साहेबांनी खालचा प्लॅन घेतला. दोन ठिकाणांपैकी एक मंडळाचं खासगी पान, दुसरं रुग्णालयाचं, फक्त कर्मचाऱ्यांपुरतं. गावाने प्लॅटफॉर्मच्या पानावर शंभर जणांत मावायचं. विभाग वाचवायला गावाने उभ्या केलेल्या कृती समितीने आपलं खुलं पान देऊ केलं होतं, त्याची किल्ली म्हणजे तो लांबलचक आकडा-अक्षरांचा कोडही मामांना आणून दिला होता. साहेब म्हणाले, जागा नाही. एवढ्या मोठ्या इमारतीचा कारभार बघणाऱ्या माणसाला तिसऱ्या जागेची अडचण व्हावी, याचं मला फार कौतुक वाटलं.

कार्यक्रमपत्रिका आली तेव्हा तर माझं डोकंच फिरलं. दहा ते बारा वीस, अधीक्षकांचं निवेदन. बारा वीस ते एक, नागरिकांचे आक्षेप. आक्षेप घेणारे एकसष्ट. आपलंच घोडं दामटायचं ते किती. मामा म्हणाले, निदान तीन तासांत बसतंय गं, दहा ते एक. मी म्हटलं, बसवलंय.

सुनावणीच्या दिवशी सकाळी मामांनी सगळं आधीच मांडलं. आणि साडेनऊला, नेहमीप्रमाणे, प्रक्षेपण सुरू केलं. पडद्यावर निळी पाटी, "थोड्याच वेळात सुरू होत आहे", खाली हलकं संगीत. ही त्यांची जुनी पद्धत. लोकांना लिंक उघडायला वेळ लागतो, म्हाताऱ्या माणसांना आवाज चालू करायला वेळ लागतो, पाहुणा दारात उभा असताना कुलूप शोधत बसू नये, असं त्यांचं म्हणणं. वर्षानुवर्षं त्यांनी असंच केलं आणि लोकांनी त्यांना दुवा दिला. पण तीन तास मोजले जातात ते प्रक्षेपण सुरू केल्यापासून, साहेब घसा खाकरल्यापासून नव्हे. हे मामांना ठाऊक होतं. त्या दिवशी ते त्यांच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर शेजारीच बसले होते.

दहा वाजून पाच मिनिटांनी शंभर प्रेक्षक भरले. मला फोन येऊ लागले, आम्हाला "जागा भरली" असं दिसतंय, काय करू? मी काय सांगणार. इकडे साहेब तक्ते दाखवत होते. तक्त्यामागून तक्ते. जन्मांची संख्या कशी घटली, खाटा कशा रिकाम्या, रस्ता कसा सुधारला. ज्या रस्त्याबद्दल ते बोलत होते त्यावरून ते स्वतः कधी पोट धरून गेले असतील असं मला वाटत नाही.

बारा वीसला लॅपटॉपवर पिवळी पट्टी आली. दहा मिनिटं शिल्लक. मामांचा चेहरा उतरला. त्यांनी हाताने हवेत काहीतरी मोजलं, साडेनऊ, साडेदहा, साडेअकरा, साडेबारा, आणि कपाळावर हात मारला. मग लगेच चिठ्ठी लिहिली. प्रक्षेपण साडेबाराला बंद पडेल, कृपया पाच मिनिटांची सुटी जाहीर करा, नवं सुरू करतो. मी पोट सावरत मंचापर्यंत गेले आणि ती साहेबांच्या हातात दिली. त्यांनी वाचली. घडी घातली. खिशात ठेवली. आणि पुढचा तक्ता लावला.

बारा पंचवीसला त्यांचं संपलं आणि पहिल्या आक्षेपासाठी विभागातली थोरली सिस्टर उभी राहिली. सव्वीस वर्षं नोकरी झालेली बाई. हातात कागद नाही, तक्ता नाही. तिने सांगायला सुरुवात केली की मागच्या वर्षी विभाग तीन आठवडे रंगकामासाठी बंद होता, तेव्हा काय झालं. पहिली बाई दोन तासांच्या वाटेवर गाडीतच बाळंत झाली, ती आणि बाळ सुखरूप. दुसरीही तशीच. तिसरीबद्दल ती बोलणार, तेवढ्यात माझ्या फोनवरचं चित्र गेलं.

सभागृहात कोणालाच कळलं नाही, कारण सभागृहात तर ती समोर उभी होती आणि माइक चालू होता. मामांनी हात वर केला. थांबा म्हणाले, दोन मिनिटं द्या. साहेब माइकमधून म्हणाले की वेळ कमी आहे, इतिवृत्त लिहिलं जातंय, चालू राहू द्या. सिस्टर गोंधळून परत बोलू लागली.

आणि माझ्या मामांनी, पायावर पाय दिला तर माफी मागणाऱ्या माझ्या मामांनी, मिक्सरवरचा मुख्य खटका खाली ओढला. सगळे माइक बंद. साहेबांचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. पुढच्या रांगेत कोणीतरी हसलं. मामा उभे राहिले आणि उघड्या गळ्याने बोलले.

"मंडळाला आत्ता काहीच दिसत नाहीये. मी अर्धा तास आधी सुरू केलं, ती चूक माझी. पण ही बाई भिंतीला सांगणार नाही. नवं सुरू होईपर्यंत माइक मिळणार नाही."

साहेब मंचावरून खाली उतरून आले. माइक चालू करा म्हणाले, आधी हळू, मग मोठ्याने. मामा त्यांच्याकडे न बघता टाइप करत होते. प्लॅन बदलायची मुभा साहेबांकडे, पण ठिकाणं बदलायची मुभा चालवणाऱ्याकडे असते. मामांनी मंडळाचं पान ठेवलं, कर्मचाऱ्यांचं पान काढलं आणि तिथे समितीचा तो लांबलचक कोड टाकला. खुल्या पानाला शंभराची अट नाही. चार मिनिटांत नवं प्रक्षेपण सुरू झालं, आणि या वेळी निळी पाटी नव्हती. मी फोनवर खूण केली. मामांनी खटका वर ढकलला आणि सिस्टरला म्हणाले, ताई, पहिल्यापासून सांगा.

तिने पहिल्यापासून सांगितलं. तिसरीचं बाळ गाडीत गेलं, हेही सांगितलं. सभागृहात एक तरुण नवराबायको मागे बसले होते, त्यांनी मान वर केली नाही. एक वाजता साहेबांनी वेळ संपल्याचं जाहीर केलं. सत्तावन्न जण न बोलता घरी गेले.

पुढचं ऐकाल तर तुमचाही तोल जाईल. साहेबांच्या कार्यालयाने फक्त पहिलं रेकॉर्डिंग उतरवून मंडळाला पाठवलं, म्हणजे निळी पाटी, संगीत आणि साहेब. आठव्या दिवशी दुसरं पुसलं गेलं. मग मामांकडे खुलासा मागितला, की तुमच्या हलगर्जीपणामुळे सुनावणीत व्यत्यय आला हे मान्य करा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. मी म्हटलं, काहीही लिहून देऊ नका, मी बघते. मामा म्हणाले, तू बघू नकोस, तुझा रक्तदाब चढेल.

त्यांनी खुलासा लिहिला. साडेनऊ ते दहा हा अर्धा तास माझा, त्याची जबाबदारी माझी, असं सरळ मान्य केलं. पुढे लिहिलं, उरलेल्या अडीच तासांपैकी नागरिकांना पाच मिनिटं मिळाली, त्याचा खुलासा माझ्याकडे नाही, ज्यांच्याकडे आहे त्यांना विचारावा. सोबत प्लॅनबद्दल दिलेल्या कागदाची प्रत जोडली, आणि प्लॅटफॉर्मच्या नोंदीतल्या दोन्ही प्रक्षेपणांच्या वेळा. दुसरं रेकॉर्डिंगही जोडलं. ते त्यांनी त्याच दुपारी, सभागृहातल्या खुर्च्या आवरत असताना, उतरवून ठेवलं होतं. एक संच साहेबांना, एक थेट मंडळाला.

बाराव्या दिवशी मंडळाने निर्णय दिला नाही. नव्याने सुनावणी घ्या म्हणाले, नागरिक आधी, अधीक्षक शेवटी, वेळेची मर्यादा नसलेल्या प्रक्षेपणावर. तोवर विभाग चालू. मामांचं नाव कार्यालयाच्या यादीतून उडालं, ते आजतागायत. मला अजून संताप येतो. मामांना विचारलं तर म्हणतात, माइक बंद केला होता, यादीत कसं ठेवतील.

दुसरी सुनावणी झाली तेव्हा माझी मुलगी दोन दिवसांची होती. त्याच विभागात, खिडकीजवळच्या खाटेवर मी पडले होते. मामा शेजारी स्टुलावर बसून माझा फोन माझ्यासमोर धरून होते. कॅमेरे दुसऱ्याच कोणाचे होते, आणि चित्र जरा तिरकं होतं. पडद्यावर तीच थोरली सिस्टर उभी राहिली. तिसऱ्या बाईपाशी आली आणि थांबली. बराच वेळ थांबली. मी मामांना म्हटलं, ही बोलत का नाही, वेळ जातोय.

मामांनी फोन जरा सरळ धरला.

"जाऊ दे," ते म्हणाले. "आज तिच्याकडे वेळ आहे."