आक्काच्या फोनवरचं हिरवं पेज

शुक्रवार पेठेत माझं दुरुस्तीचं दुकान आहे. यंत्रमागांचे कंट्रोल बोर्ड, इन्व्हर्टर, स्टॅबिलायझर, असलं काहीबाही. हातात सोल्डरिंग गन आली की जगात आपल्याइतकं शहाणं कुणी नाही, असं मला पहिल्यापासून वाटत आलंय. थोरली बहीण मंद्रूपला दिलेली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिच्या घरामागे शंभरेक पावलांवर कोंबड्यांचं शेड होतं. आपल्याकडचा एप्रिल-मे कसा असतो ते सांगायला नको. पंखे बंद पडले तर भरलेल्या शेडमधली कोंबडी तासाभरात मान टाकते. म्हणून आक्का दुपारभर त्या उन्हात घर ते शेड, शेड ते घर करायची. तिचे पाय सुजलेले बघून मीच म्हणालो, "तू घरात बस. मी शेडच तुझ्या फोनमध्ये आणून देतो."

आणि दिलंही आणून. अंगठ्याएवढ्या चिपचा एक बोर्ड शेडमधल्या स्विचबोर्डाशेजारी बसवला. पंखे आणि पाण्याचे फवारे तो रिलेने चालू-बंद करायचा, पंख्यांच्या तारांवर सेन्सर लावले होते, त्यामुळे पंखा खरोखर फिरतोय का हेही त्याला कळायचं. मौज अशी की इंटरनेट लागत नव्हतं. वेबपेज त्या चिपच्याच पोटात साठवलेलं. घरच्या वायफायवर चिपचा पत्ता टाकला की चिपच ते पेज फोनला वाढायची. तेवढ्यावर मी थांबलो नाही. पेज पुन्हा पुन्हा उघडायला लागू नये म्हणून वेबसॉकेट घातलं. म्हणजे फोन आणि चिप यांच्यात एक जोडणी कायम उघडी राहते, आणि शेडमध्ये काही बदललं की चिप आपणहून कळवते. तीन पंख्यांना तीन हिरव्या पट्ट्या, खाली तापमान. एक जुना फोन चार्जरला लावून स्वयंपाकघरातल्या फळीवर पेज उघडं करून कायमचा ठेवला. आक्का भाकरी थापता थापता मान वळवून बघायची आणि हसायची.

"लई भारी हाय रं हे. हितं बसून तितलं दिसतंय."

मी शेफारलो.

पहिल्यांदा केलं तेव्हा मी एक शहाणपणा ठेवला होता. काही बदलो न बदलो, चिप दर दोन सेकंदांना एक आकडा पाठवायची. सहा सेकंद आकडा आला नाही तर पेज सगळ्या हिरव्या पट्ट्या पुसून लाल व्हायचं, "संपर्क तुटला" असं लिहून. दाजींना, म्हणजे आक्काच्या नवऱ्याला, ते लाल खपेना. ते आपल्या फोनवर पेज उघडून फोन खिशात टाकायचे. झोपलेल्या फोनची जोडणी तुटायची, बाहेर काढला की आधी लाल, मग दोन-चार क्षणांनी हिरवं. दर वेळी ते दचकायचे.

"तुजं यंत्र नुस्तं बोंबलतंय," ते म्हणाले. "काय झालेलं नसतंय आन् लाल करतंय. ते काडून टाक बघू."

त्यांना समजावून सांगायला हवं होतं. पण बहिणीच्या नवऱ्यापुढे कसली हुज्जत घालायची, आणि माझ्या यंत्राला कुणी बोंबल्या म्हणावं हेही झोंबलं. मी लाल काढलं. आकडाही काढला. आता चिप काही बदललं तरच बोलणार होती. पेज कसं शांत आणि देखणं झालं.

त्या दुपारी दाजी सांगोल्याला एकांची डाळिंबाची बाग बघायला गेले होते. व्यापारी कोंबड्या उचलायला यायला चारच दिवस उरलेले. घरी आक्काच्या नणंदा आलेल्या, कूलर घरघरत होता. तिकडे शेडचा मेन ब्रेकर पडला. पंखे थांबले. चिपला वीज त्याच ब्रेकरवरून होती, तीही मेली. मरताना ती "मी चालले" असं सांगू शकत नाही. घरची वीज वेगळी, त्यामुळे वायफाय नीट चालू, फोन वायफायला नीट जोडलेला. पेज स्वतः काही पाठवत नव्हतं, नुसतं ऐकत बसलेलं. पलीकडे कुणी उरलंच नाही हे त्याला कळायला मार्ग नव्हता. शेवटचं जे ऐकलं तेच ते दाखवत राहिलं. तिन्ही पट्ट्या हिरव्या.

आक्का दोन तास त्या हिरव्याकडे बघत होती. खाद्य घालायला शेडवर गेली आणि दारातच खाली बसली.

फोन आला तसा मी मोटारसायकल काढली. पोचेपर्यंत परतीच्या वाटेवर असलेले दाजीही आले होते. शेडमधलं मी लिहिणार नाही, तो वास अजून नाकात आहे. दाजी सगळ्यांदेखत आक्कावर ओरडत होते. "फोनवर दिसत हुतं की सगळं! पावण्यांत गप्पा हाणत बसली आसंल ही!" आक्का एवढंच म्हणत होती, "मी बगत हुते. हिरवं हुतं." चारचारदा तेच. मला पहिल्याच वेळी कळलं काय झालं ते. आणि मी तोंड उघडलं नाही. माझ्या जिभेला काय झालं होतं कोण जाणे. भ्याडपणा झाला होता, दुसरं काय.

माणसं खड्डा खणत होती तेव्हा मी ब्रेकर उचलला, शेडच्या पायरीवर लॅपटॉप उघडला आणि दर दोन सेकंदांचा आकडा, लाल पेज, सगळं परत घालून चिपमध्ये चढवलं. दुखलं की आम्ही दुरुस्ती करतो, धंद्याची सवय. हात हलत राहिले की मन गप्प बसतं.

तिसऱ्या दिवशी मला राहवेना. मंद्रूपला गेलो आणि दाजींसमोर, आक्काच्या सासूबाईंसमोर, नणंदांसमोर सांगून टाकलं, की चूक आक्काची नाही, माझी आहे. चिप बंद पडली तरी पेज हिरवंच राहायचं, कारण लाल मी काढून टाकलं होतं.

दाजींनी ऐकून घेतलं. मग फळीवरचा फोन उचलला, मला आणि आक्काला घेऊन रिकाम्या शेडवर गेले आणि मेन ब्रेकर खाली ओढला. मनातल्या मनात मी सेकंद मोजत होतो. सहाव्याला पेज लाल झालं. "संपर्क तुटला."

"दिसलं का?" दाजी म्हणाले. "व्हतंय की लाल."

"हे मी त्याच दिवशी परत घातलं, दाजी. आधीचं पुन्हा चढवून दाखवतो."

"आता काय, तू लिवशील तसं ते दावंल. भैन हाय तुजी, तू बोलणारच. पर आमाला येडं समजू नगंस."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही विश्वास ठेवला नसता. माझ्या बाजूचा एकमेव साक्षीदार, ते हिरवंच राहणारं पेज, मीच माझ्या हाताने पुसला होता, आणि तोही इतका नीट, की कुणालाही खोट काढता येऊ नये.

दाजी पुढे निघून गेले. आक्का त्या लाल फोनकडे बघत उभी होती. ती तरी म्हणेल, की मला माहीत आहे, तेव्हा हिरवंच होतं. मी तिच्या तोंडाकडे बघत राहिलो.

"लालच झालं आसंल रं," ती म्हणाली. "माजंच ध्यान नसंल."