जीपवाल्याची लिंक

बोंडअळीनं बीटी कपाशीलाही सोडलं नाही, त्या काळात मी बुलढाण्यात अळीचे पतंग पकडणारे सापळे विकायचे. प्रचारासाठी फेसबुकच्या जाहिरातीला एक आणि कृषी दुकानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपला दुसरी, अशा वेगवेगळ्या खुणेच्या लिंक दिल्या होत्या. कोणत्या लिंकवरून किती क्लिक आणि किती ऑर्डर, एवढंच बघायचे.

ऑर्डर फेसबुकच्याच खुणेनं येत होत्या. पैसे घेऊन ती जाहिरात चालवणारा जाहिरातवाला लगेच म्हणाला, बजेट वाढवा. पण जाहिरात जिल्हाभर दिसत असताना सगळ्या ऑर्डर धाड या एकाच गावाच्या आसपासच्या कशा? त्या माणसावर माझा आधीपासूनच विश्वास नव्हता. मी गिऱ्हाइकांना फोन लावले.

"फेसबुक? मले तर जीपवाल्यानं पाठवली."

धाडच्या त्या जीपवाल्यानं स्वतः सापळे लावले होते. गुण आला, म्हणून जाहिरातीतली लिंक उचलून तो प्रवाशांच्या ग्रुपवर रोज टाकायचा, जीप सुटायच्या वेळेच्या मेसेजखाली. खूण मात्र फेसबुकचीच राहायची.

मी त्याला वेगळी लिंक करून दिली.

"काऊन ताई, माह्यावर नजर ठेवून राह्यल्या का?"

"तुमच्यावर नाही. ज्याला पैसे देते, त्याच्यावर."

पुढच्या आठवड्यात जाहिरातीच्या लिंकवर क्लिक जवळपास होते तेवढेच राहिले. तिच्यावरून ऑर्डर एकही आली नाही; आल्या त्या सगळ्या जीपवाल्याच्या लिंकवरून.