कॉटवर आरोहीपुरती जागा

आमच्या गल्लीत साळुमावशींचं घर अगदी समोर. तीन खोल्या, वर स्लॅब, दाराशी दोन पायऱ्या. सकाळी मी अंगण झाडायला बाहेर पडते तेव्हा त्या वरच्या पायरीवर बसलेल्या असतात आणि विचारतात, "वृषाली, आज ल्येकरांच्या डब्याला काय?" उत्तर ऐकून झालं की म्हणतात, "आमची आरोही भेंडी खात न्हाई."

आरोही म्हणजे त्यांची नात, नऊ वर्षांची. मुलगा सयाजी चाकणला कंपनीत आहे. पोरगी आजीकडे यायची ती सकाळी, आणि दुपारच्या एसटीनं परत जायची. कारण आजीच्या घरात झोपायला जागा नव्हती. बसायलाही नव्हती. मधल्या खोलीतल्या कॉटवर छातीएवढा ढीग होता आणि मावशी स्वतः स्वयंपाकघराच्या दारात, दोन पोत्यांच्या मध्ये पाय पोटाशी घेऊन झोपायच्या.

मावशींचे मालक रामनाथकाका बेल्ह्याच्या बैलबाजारात स्वतः वळलेले बैलांचे दोर म्हणजे कासरे, तोंडावर चढवायच्या म्होरक्या आणि घुंगुरमाळा विकायचे. सात वर्षांपूर्वी ते गेले. त्यानंतरही मावशी बाजारच्या दिवशी टेम्पोत बसून बेल्ह्याला जात राहिल्या. येताना हातात काहीतरी असायचंच. तुटका कासरा, रिकामी पोती, कुणी फेकलेला डबा. त्यात लग्नाकार्यातल्या आहेराच्या टोप्या-टॉवेल, वर्तमानपत्रं, दुधाच्या धुतलेल्या पिशव्या यांची भर. "टाकायचं कशाला? आसू द्या," एवढंच म्हणायच्या.

आता माझी चूक सांगते.

आमच्याकडे घट बसायच्या आधी दसरा काढतात. घरातलं सगळं बाहेर काढायचं, गोधड्या धुवायच्या, भांडी घासायची, नको ते टाकायचं. दोन वर्षांपूर्वी सयाजी म्हणाला, "वैनी, आईचा दसरा आपणच काढू." मला ते पुण्याचं काम वाटलं. माझ्या सासूबाई भीमाशंकरला निघाल्या होत्या, मावशींनाही बरोबर धाडलं. दोन दिवसांत आम्ही तीन टेम्पो भरले. मी फरशी फिनेलनं पुसली आणि दाराला तोरण बांधलं.

मावशी परत आल्या. दारात उभ्या राहिल्या. ओरडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "निळी पिशवी कुठंय?"

त्या पिशवीत काकांच्या हातची अर्धी वळलेली म्होरकी होती. कुठल्या टेम्पोत गेली, मला आजही सांगता येत नाही.

वर्षभरात घर पहिल्यापेक्षा जास्त भरलं. फरक एवढाच, की आता दार वीतभरच उघडायचं. मावशी बाहेर येऊन पायरीवर बसायच्या, माझ्या हातचा चहा घ्यायच्या, पण आत कुणाला नाही. मलाही नाही.

गेल्या उन्हाळ्यात आतला ढीग कोसळला आणि त्यांचं मनगट मोडलं. सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालताना डॉक्टरांनी विचारलं, घरात पडायला झालं कसं? मी सांगून टाकलं. डॉक्टरांनी मानसिक आरोग्याच्या पथकाकडे चिठ्ठी दिली. सयाजीनं फोनवर ऐकलं आणि म्हणाला, "दिवाळीपर्यंत बघतो. न्हाईतर घराला कुलूप आन् आई चाकणला. आरोहीला तर मी त्या घरात एक रात्र ठेवणार न्हाई."

मावशींनी चाकण पाहिलंय. चौथा मजला, खिडकीला जाळी. त्या म्हणाल्या, "तिथं मी पावणीच की. माझ्या घरात माझी नात झोपावी, एवढंच मागतीय मी."

पथकातून समाजसेविका आल्या, कल्याणी मॅडम. मंचरच्या, स्कूटीवर. मला वाटलं, या आता आत जाऊन यादी करतील. त्या पायरीवर बसल्या. पहिल्या वेळी, दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळीही. काकांच्या बाजाराच्या गोष्टी ऐकल्या. जाताना एकदा म्हणाल्या, "मावशी, तुम्ही हो म्हटल्याशिवाय मी एका वस्तूला हात लावणार नाही. आत आले तरी नाही."

"आन् ही?" मावशींनी माझ्याकडे बोट केलं.

"ह्यासुद्धा नाही."

चौथ्या वेळी मावशी दार पूर्ण उघडायला गेल्या, पण मागच्या पोत्यांमुळे ते अर्धंच उघडलं. मॅडमनी ते वहीत टिपलं. दारापासून कॉटपर्यंतची वाट टेपनं मोजली, गॅसच्या शेगडीजवळचे कागद पाहिले, विजेच्या बोर्डापुढचा ढीग पाहिला. आंघोळ कुठे करता, शिजवता कुठे, अन्न खराब होतं का, उंदीर आहेत का, सगळं विचारलं. आवाजात कीव नव्हती, शिसारी तर नाहीच.

मग त्यांनी चित्रं काढली. एकाच खोलीची नऊ चित्रं, पहिल्यात मोकळी, पुढे भरत भरत नवव्यात छतापर्यंत. "तुमची मधली खोली यातली कुठली?" मावशींनी तिसऱ्यावर बोट ठेवलं. मला विचारलं, मी सातव्यावर. चौथ्यापासून पुढे काळजीचं, असं मॅडमनी मला नंतर सांगितलं. पण तेव्हा मावशींना "चूक" म्हणाल्या नाहीत. दोन्ही आकडे लिहून घेतले. हा फरकच त्यांना हवा होता.

वस्तू टाकायची म्हटलं की काय होतं, तेही त्यांनी विचारलं. "काही वाईट घडेल अशी भीती वाटते का? तेच तेच विचार येतात का?"

"भ्या न्हाई वाटत," मावशी म्हणाल्या. "पोटात तुटतं. मानूस उठून गेल्यासारखं."

स्मरणशक्ती पाहायला तीन शब्द सांगून थोड्या वेळानं परत विचारले, कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मावशींनी काटे बरोबर काढले आणि वर म्हणाल्या, "मॅडम, मी खुळी न्हाई. तुमच्या हातातलं घड्याळ पाच मिनिटं म्होरं हाय." पुढच्या आठवड्यात मानसोपचाराच्या डॉक्टरांनी तपासलं, रक्त तपासलं. विसराळूपणाचा आजार नाही. मनात उदासी आहे, तिच्यावर लक्ष ठेवायचं. आणि हे जे साठवणं आहे, तो आळस नाही, हट्ट नाही, तो एक आजार आहे, त्याला नाव आहे. यावर एका गोळीत भागत नाही, घरी येऊन हळूहळूच काम करावं लागतं. मी ते ऐकत होते आणि मला तोरण आठवत होतं.

सयाजीला मॅडमनी बोलावून घेतलं. "दिवाळीपर्यंत घर रिकामं होणार नाही," सरळ सांगितलं. "पण शेगडीभोवती तीन फूट मोकळं, दारापासून मोरीपर्यंत वाट आणि झोपायला कॉट, एवढं होऊ शकतं. तेवढ्यावर मुलीला ठेवाल का?"

सयाजी म्हणाला, "कॉट मोकळी दिसली तर ठेवीन."

"आणि टेम्पो आणायचा नाही."

"त्या बारीला चुकलं माझं," तो आईकडे न बघता म्हणाला. मावशी म्हणाल्या, "च्या घे."

पहिले पंधरा दिवस फक्त शेगडी, बोर्ड आणि वाट. तिथल्या वस्तू टाकल्या नाहीत, नुसत्या सरकवल्या. मी म्हटलं, याला काय अर्थ? मॅडम म्हणाल्या, "आधी आग लागायची नाही आणि माणूस पडायचं नाही. बाकी मग."

नंतर बाजार. मॅडम मावशींना घेऊन बेल्ह्याला गेल्या, आणि आणायचं काहीच नाही, असं ठरवून. मीही गेले. दादाभाऊ नावाचे दोरवाले काकांचे जुने सोबती. त्यांनी लांबूनच हाक मारली, "या साळुबाई, तुमच्यासाठी ठिवलंय बगा." तुटक्या कासऱ्यांचा गुंडाळा होता. मावशींनी हातात घेतला. मॅडमनी हळूच विचारलं, "पोटात दहापैकी किती तुटतंय?"

"नऊ."

"लागणार कशाला? ठेवणार कुठे? असला नाहीये का घरी?"

मावशींनी गुंडाळा खाली ठेवला आणि आम्ही तिथेच उभ्या राहिलो. बैलांची घासाघीस चालली होती. दहा मिनिटांनी सात, आणखी थोड्या वेळानं चार. दादाभाऊ गोंधळले. "घ्या की वो, फुकाट हाय."

"फुकाट हाय म्हणूनच वझं हुतं, दादाभाऊ," मावशी म्हणाल्या. रिकाम्या हातानं टेम्पोत बसल्या.

मग कॉटची पाळी. माझ्याकडची टोमॅटोची तीन क्रेटं मांडली. एक ठेवायचं, एक द्यायचं, एक टाकायचं. रोज वीस मिनिटं, घड्याळ लावून. वस्तू एकदाच उचलायची आणि मावशींनीच. मी समोर बसायचं आणि हात मांडीवर ठेवायचे. हे अवघड गेलं, खरं सांगते. वर्तमानपत्रं लवकर गेली. टोप्या-टॉवेल मावशींनी वृद्धाश्रमाला दिले, पण दोनदा क्रेटमधून काढून परत घेतले आणि तिसऱ्यांदा दिले. एखाद्या दिवशी काहीच जायचं नाही. मॅडम दर आठवड्याला यायच्या आणि तेही लिहायच्या, रागावायच्या नाहीत.

दिवाळीला पाच दिवस राहिले तरी कॉटचा भिंतीकडचा तिसरा हिस्सा भरलेलाच. खाली काकांचा माल, टेम्पोंच्या वेळी मागच्या खोलीतल्या पेटीत राहिला म्हणून वाचलेला. कासरे, गोंडे, घुंगुरमाळा. सयाजीचा मला फोन, "वैनी, फोटू पाठवा." त्या सकाळी मावशी प्लास्टर काढलेला हात दाखवायला दवाखान्यात गेल्या होत्या आणि जाताना किल्ली माझ्याकडे ठेवली होती. उरलेला ढीग उचलून बाजूला करायचा, दहा मिनिटांचं काम. मी कुलूप काढलं, कॉटपाशी गेले. मोकळ्या भागावर मावशींनी आधीच धुतलेली चादर अंथरली होती, उशीला नवा अभ्रा. मी कशालाही हात न लावता बाहेर आले, कुलूप लावलं आणि पायरीवर बसले. सयाजीला लिहिलं, अजून मोकळी नाही.

मावशी आल्या तेव्हा ते त्यांना सांगितलं. कुलूप काढून आत गेले होते, तेही सांगितलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "हात न्हाई लावला?"

"नाही."

मग आत गेल्या, आणि त्या दिवशी वीस मिनिटांचं घड्याळ लावलंच नाही. एकेक कासरा हातात घेऊन त्या बोलत होत्या. हा भिमाजी पाटलाच्या खोंडासाठी वळला व्हता. हा त्यांनी ताप अंगात आसताना वळला. मी ऐकत होते. दोन कासरे आणि एक घुंगुरमाळ ठेवायच्या क्रेटमध्ये गेली. बाकीचे अकरा कासरे, गोंडे, माळा द्यायच्या. "दादाभाऊला दे. इकल तो. जनावराच्या गळ्यात तरी पडतील." म्हणाल्या आणि पदरानं तोंड झाकून बसल्या. मी हात मांडीवरच ठेवला, मग मात्र त्यांच्या पाठीवर ठेवला.

आरोही लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी आली. मागची खोली तशीच भरलेली होती, सयाजी दारात उभा राहून तिकडे बघत होता. मग कॉटवर हात दाबून पाहिला, वाट पाहिली, शेगडी पाहिली आणि म्हणाला, "दोन दिवस ठिवतो." दोन रात्री आजी-नात त्या कॉटवर झोपल्या. आरोही झोपेत लाथा मारते, ही तक्रार मावशींनी सगळ्या गल्लीला तीनतीनदा सांगितली.

भाऊबीज झाल्यावर पोरगी गेली. दुसऱ्या दिवशी मावशी पायरीवर दिसल्या नाहीत. मी आत गेले. आता मला जाता येतं. त्या कॉटच्या कडेला बसल्या होत्या, चादर चुरगळलेली, तशीच ठेवलेली.

"लई मोठं दिसतंय गं घर," त्या म्हणाल्या. "आदी येवडं न्हवतं."

मॅडमनी हे मला सांगून ठेवलं होतं, की जागा मोकळी झाली की माणसाचं नसणं दिसायला लागतं, तेव्हा एकटं सोडू नका. मी त्यांच्याशेजारी बसले. पोरगी मे महिन्यात पंधरा दिवस येणार, सयाजी जाताना बोलला होता. नोव्हेंबर चालू होता. मावशींनी बोटांवर महिने मोजले, सहा झाले. परत मोजले, तरी सहाच.