सासऱ्यांचे दोन पुरावे

माझ्या सासऱ्यांकडे दोन पुरावे होते. एक गावच्या महादेवाच्या भिंतीत बसवलेला कोरीव दगड आणि दुसरं, त्याच देवळात दर सोमवारी म्हटलं जाणारं पद. महादेवाच्या अखंड दिव्यासाठी जमीन दिली ती आमच्या घराण्याने, असं दगड सांगतो, असं ते सांगत. पद तर घराण्याचं नाव घेऊनच सांगतं, आणि त्याच्या शेवटच्या ओळीत एका फार जुन्या संताची नाममुद्रा आहे. म्हणजे दगड जुना, पद जुनं, आणि दोघांचं म्हणणं एक. एवढं असताना सून इतिहासाची प्राध्यापक असल्याचा घराला काहीतरी उपयोग व्हायला नको का?

आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. राहायला आम्ही सगळे लातूरला, पण मामांचा जीव रेणापूरच्या पलीकडच्या गावात. तिथली पलीकडच्या आळीतली भावकी म्हणते की जमीन आमच्या पूर्वजाने दिली. या वादात दोन पिढ्या गेल्या, एका लग्नातली पंगतही गेली. नांदेडला धार्मिक इतिहासावरचं चर्चासत्र ठरलं आणि मला निबंध वाचायचा आहे हे कळल्यावर मामांनी परस्पर देवस्थानच्या मंडळींना सांगून टाकलं, की सूनबाईचा निबंध छापून आला की देवळात फलक लावायचा, त्यावर आपलं नाव घालायचं. "आता सबूत काय पायजे अजून?" ते मला म्हणाले. "दगड हाय, पद हाय. तू फक्त लिव्ह."

मी म्हटलं, आधी दगड वाचू.

दगड वाचला नव्हता कुणीच. त्यात काय लिहिलंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण ते पदात होतं. मी वर्गात मुलांना कानीकपाळी ओरडून सांगते की दोन साधनं एकच गोष्ट सांगतात म्हणून लगेच टाळ्या वाजवू नका, आधी बघा की एकाने दुसऱ्याचं ऐकून तर सांगितलं नाही ना. आणि माझ्याच सासरी वर्षानुवर्षं दगड पदावरून वाचला जात होता आणि पदाचं खरेपण दगडावरून ठरत होतं. मला हसू आलं, पण मामांसमोर हसायची माझी टाप नव्हती.

एका रविवारी आम्ही ठसा घ्यायला गेलो. नवरा बादली धरायला, मामा देखरेखीला. तेल, शेंदूर आणि चुन्याचे थर मऊ ब्रशने आणि पाण्याने सोडवता सोडवता दुपार झाली. मग ओला कागद दगडावर पसरला, ब्रशने ठोकून ठोकून अक्षरांच्या खाचांत बसवला आणि तो जरा सुकत आल्यावर वरून शाईची गादी हलक्या हाताने टेकवली. खाचा पांढऱ्या राहिल्या, बाकी कागद काळा झाला. मामा माझ्या खांद्यावरून बघत होते. "हळू गं, हळू," दर मिनिटाला. मी सहज विचारलं, की हा दगड पहिल्यापासून याच भिंतीत आहे का?

"छे! आमच्या बाबानं ओढ्याकाठनं आणला की, बैलगाडीत घालून," मामा अभिमानाने म्हणाले. "तिथं पडला व्हता पालथा."

झालं. म्हणजे हा दगड याच देवळाचा होता की आणखी कुठल्या, तेच आता सांगता येईना. मामांनी आपल्याच साक्षीदाराचा पत्ता उडवला होता, आणि त्यांच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं!

घरी टेबलावर ठसा पसरून मी कितीतरी संध्याकाळी त्यावर डोळे फोडले. लिपी नागरी, भाषा संस्कृत. दगडाचा वरचा भाग तुटून गेलेला. राजा कोण, साल कोणतं, जमीन कुठली, देणारा कोण, हे सगळं लेखाच्या वरच्या भागात असतं. आमच्या वाट्याला आला होता फक्त शेवट. आणि दानलेखाच्या शेवटी बहुधा असतो तो शाप इथेही होता, की दिलेली जमीन जो कोणी हिरावून घेईल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होऊन राहील.

मामा ज्याला दर सोमवारी हार घालत होते ते हे होतं.

मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी ठसा जवळ ओढून घेतला. मग हळूच म्हणाले, "आपण कुणाची घेतली तर न्हाई ना?" मला त्यांची इतकी दया आली! मी समजावलं की मामा, हा शाप कुणा एकावर नाही. असल्या कितीतरी लेखांत तो जवळजवळ याच शब्दांत येतो. लग्नपत्रिकेत खाली 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' छापलेलं असतं, त्यावरून त्या घरात बोलणारी भाची होती असं सिद्ध होत नाही. कधी कधी पाळण्यातलीही नसते. तसंच हे, रीतीचं लिहिणं. मामांना ते पटलं. "मग दगडाचं ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "पदावर लिव्ह."

पदावर लिहायचं तर पद तपासायला हवं. एका कडव्यात देवळाच्या सभामंडपाच्या सावलीचं कौतुक आहे. तो मंडप सिमेंटचा आणि त्याची वाळू मामांनी तरुणपणी स्वतः वाहिलेली. जुन्या संताला तो दिसला कसा? आता एखादं कडवं मागाहून घुसू शकतं, तेवढ्यावरून सगळं पद नवं ठरत नाही. शिवाय शेवटी संताचं नाव आहे म्हणून रचना संताचीच, असंही नाही. भक्तीने, संकोचाने, कधी गाणं चालावं म्हणून मोठ्यांचं नाव घालायची चाल आपल्याकडे जुनीच आहे. म्हणून मी आसपासच्या गावांतल्या बायकांच्या भजनी मंडळांत फिरले. शिकवणं-बिकवणं सोडून चहा पीत फिरले म्हणा ना. पिढ्यान्‌पिढ्या तोंडातून तोंडात गेलेल्या गाण्याचे गावागणिक पाठ बदलतात. कुठे ओळ गळते, कुठे कडवं वाढतं. हे पद मात्र सगळीकडे शब्दाला शब्द सारखं, मंडपासकट. म्हणजे ते फार फिरलेलं नव्हतं, नुकतंच एका ठिकाणाहून निघालं होतं. कुणाकडून शिकलात, असं विचारलं की प्रत्येक बाई माझ्याकडे बघून हसायची.

"आता तूच इचारती व्हय? तुझ्या सासूकडनं!"

एका म्हाताऱ्या बाईंनी तर सांगितलं की मंडप झाला त्या साली तिनं आम्हाला बसवून शिकवलं, त्याआधी असलं पद नव्हतंच.

आत्याबाई स्वयंपाकघरात धपाटे थापत होत्या. मी विचारलं, पद तुम्हाला कुणी शिकवलं?

"शिकवतंय कोण?" त्यांनी धपाटं तव्यावर टाकलं. "मीच केलं."

"आणि संताचं नाव?"

"मग काय माझं घालू? सुनेनं केलेलं म्हणलं असतं का कुणी देवळात?"

मी विचारलं, त्यात घराण्याचं, जमिनीचं कुठून आणलं? आत्याबाईंनी आच कमी केली. मग म्हणाल्या, "नवी व्हते मी. माझे सासरे रोज जेवताना त्याच दगडाचं सांगायचे. मला वाटलं, आपण गाण्यात घातलं तर खूष व्हतील. जुन्या बायकांकडनं मिळालं म्हणून सांगितलं, तर झाले बी. माझ्याशी पहिल्यांदा नीट बोलले त्या दिवशी."

मी तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. म्हणजे सासऱ्यांची मर्जी राखायला एका सुनेने पुरावा तयार केला होता, आणि आता दुसरी सून तोच पुरावा छापून आपल्या सासऱ्यांची मर्जी राखणार होती. पुढे पन्नास वर्षांनी कुणी बिचारा संशोधक माझ्या निबंधाचा हवाला देऊन लिहिणार, की दगड, पद आणि विद्वान तिघेही सांगतात. मूळ काय, तर दोन सुनांची भीड! मला एकदम चीड आली, कुणाची ते सांगता येणार नाही, पण आली.

"आत्याबाई, मी तुमचं नाव लिहिणार," मी म्हटलं.

त्या लाजल्या, नको नको म्हणाल्या, आणि धपाटं उलटायला विसरल्या. ते करपल्यावर म्हणाल्या, "बरं लिव्ह. पण तुझ्या मामांना आधी मी सांगते."

चर्चासत्राला मामा पहिल्या रांगेत बसले, फेटा बांधून. शेजारी आत्याबाई. मी वाचायला उभी राहिले. दगडाविषयी सांगितलं, की जागा मूळची नाही, दात्याचं नाव तुटलं आहे, उरलेला भाग ठरावीक आहे. म्हणून जमीन कुणी दिली हे या लेखावरून सांगता येत नाही, आमच्या घराण्याचंही नाही आणि भावकीचंही नाही. मग पदावर आले. हे पद मध्ययुगाचा पुरावा नव्हे, असं म्हटलं. पण ते एका काळाचा पुरावा नक्की आहे. घरात नव्याने आलेल्या सुनेला मान कसा मिळवावा लागत होता, देवळात कुणाचं नाव चालत होतं आणि कुणाचं नाही, याचा. "ते रचणाऱ्या बाई हयात आहेत," मी म्हटलं, "आणि माझ्या सासूबाई आहेत."

त्या क्षणी मामांचा चेहरा बघून मला कळलं की आत्याबाईंनी त्यांना काहीही सांगितलेलं नाही.

मामांनी मान वळवली आणि बायकोकडे बघितलं. त्या समोर भिंतीकडे बघत होत्या. कुणीतरी प्रश्न विचारला, रचणारी स्वतः सांगते, यापलीकडे आधार काय? प्रश्न रास्त होता. मी मंडपाचं सांगितलं, न बदललेल्या पाठांचं आणि म्हाताऱ्या बाईंचं सांगितलं, पण माझं सगळं लक्ष पहिल्या रांगेत होतं. आता फलक गेला, भावकीसमोर मान गेली. आणि मामा घरी काय करतील?

परतताना नवरा गाडी चालवत होता, मी पुढे, ते दोघं मागे. लोहा गेलं. अहमदपूर जवळ आलं तसा मामांचा आवाज आला. "मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही इचारलंच कुठं कधी," आत्याबाई म्हणाल्या.

मी आरशात बघायचंही टाळलं.

"अजून हायेत का?"

"काय?"

"पदं."

"हायेत की. तुम्ही देवळात म्हणता त्यातली निम्मी माझीच हायेत."

मामांनी फेटा काढून मांडीवर ठेवला. डोळे मिटून मी इतकी वर्षं कुणापुढे मान डोलवत होतो, याचा हिशोब ते करत असावेत. मग त्यांनी अगदी हळू, नव्या माणसाशी बोलावं तसं विचारलं, "एखादं हाय का, मी न ऐकलेलं?"

आत्याबाईंनी पदर सावरला आणि घसा खाकरला. मी पर्समधून फोन काढला आणि आवाज टिपायला मागे वळले, तसा मामांनी हात आडवा केला.

"तू थांब," ते म्हणाले. "हे माझ्यासाठी हाय."