रुद्रक्काचा केक

गिरिजाला केकची किळस होती आणि ती ती लपवत नसे. कर्नाटकातल्या हासनच्या बाळंतिणींच्या दवाखान्यात आया म्हणून लागण्याआधी सहा वर्षं तिने एका केकच्या कारखान्यात काढली होती. तिथून शहरातल्या निम्म्याअधिक दुकानांना केक जायचे. भट्टीतून निघालेल्या केकला वर फुगवटा येतो, तो सुरीने उडवून वरची बाजू सपाट करायची, ही तिची कामगिरी. उडवलेल्या टोप्या प्लॅस्टिकच्या टबात साठायच्या. दोन-तीन दिवसांनी त्यात पाक आणि कोको ओतून कुणीतरी कोपरापर्यंत हात घालून मळायचं, त्याचे गोळे व्हायचे आणि मोठ्या घरची मुलं ते मिटक्या मारत खायची. क्रीमला दुधाचा थेंब लागलेला नसे. पामतेलाचा तो फेस टाळूला असा चिकटे की गरम कॉफी प्यायल्याशिवाय सुटत नसे.

दवाखान्यात दहाजणींचा डबा खाणारी, रक्तामांसात दिवस काढणारी ही बाई; पण वाढदिवसाचा केक दिसला की पदर नाकाला लावायची.

म्हणून दवाखान्यातली सगळ्यात जुनी आया रुद्रक्का निवृत्त होणार आणि तिला न सांगता केक कापायचा असं ठरलं, तेव्हा भांडण होणारच होतं. भांडली ती विमलाक्षीशी. दोघी एकाच पाळीत, एकाच बाकावर बसून तांबूल खाणाऱ्या.

"ब्लू ड्रीम्स केकवाल्यांकडनं आणूया," विमलाक्षी म्हणाली. "खायच्या कागदावर अक्काचा फोटो छापून देतात गं. चांगला पासपोर्टचा फोटो आहे माझ्याकडे."

"म्हणजे अक्काच्या डोळ्यात सुरी खुपसायची? आणि मग नाक मला, कान तुला?"

"तुझं आपलं काहीतरीच!"

"काहीतरीच नाही. त्यांच्या केकचा तो निळा रंग खाऊन पोरांच्या जिभा बघ. दुसऱ्या दिवशी मोरीत बघ. श्शी! माझ्या हातनं असलं अक्काला भरवणं होणार नाही."

"मग काय, शेंगदाण्याचा लाडू कापायचा?"

"शेषाद्री अय्यंगारकडनं आणायचा. चाळीस वर्षांची बेकरी. मधाचा केक, वर जॅम, खोबऱ्याचा कीस. स्वच्छ माणसाचं खाणं."

"तो चौकोनी तुकडा? त्यावर मेणबत्ती लावली तर तुळशीपुढची पणती दिसेल," विमलाक्षी फणकारली. "चौतीस वर्षं राबली बिचारी. एकदा तरी सिनेमातल्यासारखा गोल केक कापू दे की तिला."

हे मात्र गिरिजाला लागलं. रुद्रक्काने आयुष्यात केक चाखलेला नव्हता. लिंगायत घरची, गळ्यात लिंग, अंड्याचा विटाळ मानणारी. रोज सकाळी बाळंतिणींना उकडलेली अंडी वाटायचं काम तिच्याकडेच होतं. ती प्रत्येकीला दटावून खायला लावायची, "अंगात रक्त कुठनं येणार गं?" आणि मग चिंच लावून हात घासायची. घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय पूजेला बसायची नाही. कुणाच्या वाढदिवसाला तुकडा पुढे आला की हसून म्हणायची, "माझा वाटा माझ्या नातवाला द्या."

"अय्यंगार गोल करून देईल," गिरिजा म्हणाली, आणि भांडण तिने जिंकलं. अंड्याचा प्रश्न आला की अय्यंगार ब्राह्मणाच्या बिनअंड्याच्या बेकरीपुढे विमलाक्षी तरी काय बोलणार?

गिरिजा स्वतः गेली. म्हातारा शेषाद्री वारला होता, गल्ल्यावर मुलगा बसला होता. त्याच्या डोक्यावर तीच जुनी पाटी होती: शुद्ध शाकाहारी. मधाचा केक गोल होत नाही म्हणून अननसाचा क्रीमचा, दीड किलो, गोल, वर 'रुद्रक्का' लिहायचं, परवा दुपारी एकला न्यायचा. मुलाने सगळं चिठ्ठीवर उतरवून घेतलं. अंड्याचं गिरिजाने विचारलं नाही. अय्यंगार बेकरीत ते कुणीच विचारत नाही; विचारलं असतं तर तिलाच ओशाळं वाटलं असतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला पाळी बदलायच्या वेळी दहाजणी आयांच्या खोलीत दाटीवाटीने उभ्या राहिल्या. "सात नंबरची बाई चक्कर येऊन पडली" असं खोटं सांगून रुद्रक्काला बोलावलं. ती पदर खोचत धावत आली आणि टेबलावरचा केक बघून दारातच थबकली.

"मेल्यांनो, जीव गेला ना माझा! आणि हे काय? मी हे खात नाही, ठाऊक नाही का?"

"अक्का, अय्यंगारचा आहे," गिरिजा म्हणाली.

"अय्यंगारचा?" रुद्रक्काचा चेहरा उजळला. "मग चालेल की गं."

तिने चाचरत सुरी धरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पहिला घास भरवायचा मान गिरिजाचा. तिने तुकडा मोडून रुद्रक्काच्या तोंडात घातला. रुद्रक्काने डोळे मिटले.

"किती मऊ गं! कापूस जसा."

मऊ. गिरिजाचा हात थांबला. बिनअंड्याचा केक इतका मऊ कधी होत नाही. दह्यावर किंवा आटवलेल्या दुधावर केलेला तो जड, ओलसर, बोटात भुगा होणारा. तिने उरलेला तुकडा चिमटीत दाबला. तो दबला आणि बोट काढताच पुन्हा वर आला, जाळीदार, ताणला तर लवणारा. तिने नाकाशी नेला. गारव्याखाली, अननसाच्या अर्काखाली अंड्याचा तो ओल्या फडक्यासारखा वास होता, जो सहा वर्षं तिच्या केसांत बसला होता. आणि वरचं क्रीमचं फूल, पाच पाकळ्या, मधे पिवळा ठिपका. कारखान्यातलं हे फूल तिने झोपेतही ओळखलं असतं.

रुद्रक्का अजून चघळत होती, चव पुरवून पुरवून.

गिरिजाने आपली ओंजळ रुद्रक्काच्या हनुवटीखाली धरली.

"अक्का, थुंक. गिळू नकोस. अंडं आहे."

कितीतरी बायकांच्या तोंडाखाली रुद्रक्काने अशीच ओंजळ धरली होती. तिने गिरिजाकडे पाहिलं आणि निमूटपणे तो चघळलेला, लाळेने भिजलेला घास तिच्या हातात टाकला. मग खिडकीपाशी जाऊन चुळा भरत राहिली. दहा, बारा, पंधरा. गळ्यातलं लिंग तिने मुठीत घट्ट धरलं होतं.

विमलाक्षीने तिथल्या तिथे बेकरीला फोन लावला. मुलगा बेफिकिरीने म्हणाला, "क्रीमचे केक आम्ही करत नाही हो. कारखान्यातनं येतात. पाव, मधाचा केक, खारी तेवढं आमचं. बिनअंड्याचा हवा तर सांगायचं ना, तसाही मिळतो."

"आणि तुमची ती पाटी?"

"पाटी आमच्या भट्टीची आहे."

विमलाक्षीने फोन ठेवला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती हळूच म्हणाली, "मी चौकशीला गेले होते ना ब्लू ड्रीम्समध्ये, तिथल्या पोरीने पहिलाच प्रश्न विचारला, अंड्याचा की बिनअंड्याचा."

टबातल्या टोप्यांची, पामतेलाची, निळ्या जिभांची, कशाकशाची म्हणून गिरिजाने किळस केली होती. आता तिला स्वतःच्या तोऱ्याची शिसारी आली. एक प्रश्न. तो विचारायला तिला ओशाळं वाटलं होतं.

चुळा संपवून रुद्रक्का वळली. तिचे डोळे लाल होते.

"थोडं गेलं असेल गं पोटात," ती म्हणाली. "रस तरी गेलाच."

गिरिजा तशीच उभी होती, ओंजळीत तो घास धरून. बोटांच्या फटीतून क्रीम मनगटावर ओघळत होतं.

"अगं, टाक ते," रुद्रक्का म्हणाली. "उष्टं आहे माझं. तुला किळस नाही का येत?"

"नाही अक्का," गिरिजा म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं.

रुद्रक्काने कोनाड्यातली चिंच काढली, नळ सोडला, आणि गिरिजाचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन घासायला लागली.