दोनशे चाळीसची हाव

शिरूरमध्ये माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे. मोठा कॅमेरा असतोच, पण हल्ली गिऱ्हाइकाला रील लागतं आणि रीलला मोबाईलचं स्लो मोशन. नवरी वळली, हळद उधळली, सगळं हळू पाहिजे. त्यांना मी वर्षानुवर्षं एकच सांगत आलोय, की स्लो मोशन फुकट मिळत नाही. साध्या व्हिडिओत सेकंदाला तीस चित्रं निघतात. दोनशे चाळीसवर टाकलं की तेवढ्याच सेकंदात आठपट. मग एकेका चित्राच्या वाट्याला उजेड तो किती येणार? घरात खाणारी तोंडं वाढली की भाकरीचा तुकडा लहान होतो, तसंच हे. वर एवढी चित्रं मोबाईलला पेलत नाहीत, म्हणून तो फोरकेच्या स्वच्छ चित्रावरून खाली उतरतो आणि बारकावा जातो. भर उन्हात चालून जातं. दिवस मावळताना करू नका, असं मी सांगतो.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. माझ्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात मी नेमकं तेच केलं.

एकुलती एक पोर, दौंडला दिली. गोरज मुहूर्त होता. लॉनच्या पश्चिमेला मोकळं रान, म्हणजे वेळेवर लागलं तर उजेड पुरेल, असा माझा हिशेब. पण आमच्याकडचं लग्न वेळेवर कसं लागेल? तालुक्यातल्या पुढाऱ्यांचे शुभाशीर्वाद सुरू झाले. एकाला माईक दिला की दुसरा रुसतो. तिसऱ्याचं भाषण संपेपर्यंत सूर्य रानापलीकडच्या उसामागं गेला आणि मांडवातले दिवे लागले.

बायको म्हणाली, "आज तरी ते डबडं खिशात ठेवा. बाप म्हणून उभं ऱ्हावा की."

"दुसऱ्या कुणाला जमायचं न्हाई," मी म्हणालो. मला राग आला होता, कारण तिचं बरोबर होतं.

मोठा कॅमेरा मदतनीसाकडे दिला. तो नवरीच्या मागे उभा राहून नवरदेवाचं तोंड टिपत होता. मी नवरदेवाच्या खांद्यामागे, मोबाईल छातीशी धरून. तिचा चेहरा मला दुसऱ्या कुणाच्या हाती द्यायचा नव्हता. मंगलाष्टका संपत आल्या तेव्हा अंगठा पडद्यावर थांबला. फोरकेत सेकंदाला साठ चित्रं घेतली असती, तर चेहरा बऱ्यापैकी स्वच्छ आला असता आणि गती निम्म्यावर आणता आली असती. मला हे पक्कं माहीत होतं. पण अंतरपाट खाली आला की पोर त्यांची होणार, आणि तेवढा क्षण मला जमेल तितका लांबवायचा होता. मी दोनशे चाळीस दाबलं.

अंतरपाट सरला. पडद्यावर अंधार. मी उजेड वाढवत राहिलो आणि चित्रावर नुसते दाणे चढत गेले. मुलगी हातात हार धरून तशीच उभी राहिली. दोन सेकंद असतील. वऱ्हाडातून कुणीतरी म्हणालं, "लाजली ओ नवरी," आणि सगळे हसले. मला बरंच वाटलं, क्लिप लांब मिळत होती. मग तिनं हार घातला.

त्या दोन सेकंदांचे स्लो मोशनमध्ये सोळा झाले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी तेच बघत बसायचो. तिच्याशिवाय करमत नव्हतं, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. मागचे दिवे लुकलुकतात, आवाज नाही, हार इतका हळू हलतो की हलतो का नाही ते कळत नाही, आणि तिच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे डाग. ती नवरदेवाकडे बघतेय, की त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे? मला तेवढंच हवं होतं. उजेड वाढवला की चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखं होई. मदतनीसालाही दाखवून बघितलं.

"मालक, यात डोळं सापडायचं न्हाईत," तो म्हणाला. "जे कॅमेऱ्यात आलंच न्हाई, ते आता कुठनं आणायचं?"

शेवटी परवा दौंडला गेलो. चहा पिता पिता, सहज विचारल्यासारखं, तिलाच विचारलं.

"तुमच्याकडंच बघत व्हते, आप्पा," ती म्हणाली.

"मग हार का थांबवला?"

"तुम्ही मान वर करताय का बघत व्हते. एकदा बघितलं असतं तर लगेच घातला असता. तुम्ही आपलं मोबाईलात. मग मामा मागनं म्हणाले, घाल, लोक थांबल्यात. म्हणून घातला." तिनं माझा कप उचलला. "अजून घेता का थोडा?"

परतीच्या एसटीत मी ती क्लिप पुन्हा लावली. आता डोळे दिसायची गरज नव्हती. सोळा सेकंद ती माझी वाट बघते, आणि मी येत नाही.