अग्रक्रम एक: रबरी टोप्या

शाळेतली एक मुलगी दाखला घेऊन निघून जाणार की इथंच राहणार, हे बाकाच्या पायांवर ठरतंय, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं. मला तसं तोंडी कुणी सांगितलंही नाही. लिहून कळवलं, शिक्का मारून, आणि तेही अर्धंच.

माझा मंडपाचा धंदा. हडपसरला सगळे ओळखतात. शाळा मी तिसरीपर्यंत केली आणि तिसरीतसुद्धा सगळी नाही. पण वाचता येतं, सावकाश. पंधरा ऑगस्टला आमच्या भागातल्या शाळेनं मला पाहुणा म्हणून बोलावलं. मंडप मीच फुकट घातला होता, तेव्हा न बोलावून करतात काय. भाषण मला जमत नाही. मी एवढंच बोललो, की शाळेला काय लागतं ते लिहून द्या, मी बघतो. टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं.

आठ-दहा दिवसांत शाळेचा शिपाई लिफाफा घेऊन गोडाऊनवर आला. गणपती तोंडावर आलेले, माणसं बांबू काढत होती. शिपायानं वही पुढं केली. "पोच द्या. मिळालं म्हणून सही."

मी सही केली. माझी सही व्हायला वेळ लागतो. तो म्हणाला, "सावकाश होऊ द्या. शाळा पाच वाजेपर्यंत आहे."

पत्र हेडसरांचं. वर जावक क्रमांक, खाली 'विषय: इयत्ता चौथीच्या वर्गासाठी वस्तुरूप मदतीबाबत'. मग आखलेला तक्ता. वस्तू, नग, अंदाजे दर, अंदाजे रक्कम, अग्रक्रम, शेरा. पहिल्या ओळीत रबरी टोप्या, बाकांच्या पायांसाठी, शंभर नग, वीस रुपये दर, दोन हजार रुपये, अग्रक्रम एक. मग दोन पंखे, पाच हजार सहाशे. हिरवा फळा एक, साडेसहा हजार. पुस्तकांचं कपाट एक, अकरा हजार. आणि सगळ्यात शेवटी सहा बाक, सत्तावीस हजार, अग्रक्रम पाच. बेरीज बावन्न हजार शंभर. खाली लिहिलेलं, 'दर स्थानिक दुकानातून घेतले आहेत, प्रत्यक्ष खरेदीवेळी फरक पडू शकतो. सर्व शक्य नसल्यास अग्रक्रमानुसार विचार व्हावा.'

आमच्या धंद्यात अंदाजपत्रक देतात तेव्हा वरती मंडप, मग स्टेज, मग खुर्च्या आणि तळाला किरकोळ. सुतळी, खिळे. किरकोळ वर कुणी लिहीत नाही. मला वाटलं, मास्तरनं कागद उलटा लिहिलाय. नाहीतर त्याला वाटलं असेल, हा मंडपवाला दोन हजारांच्या वर जायचा नाही. ते मात्र मला लागलं.

सूनबाईनं पत्र वाचलं. ती बँकेत आहे. म्हणाली, "अण्णा, पहिल्या ओळीचा शेरा वाचलात का? कर्णयंत्र वापरणाऱ्या विद्यार्थिनीसाठी तातडीचे."

"बाकाच्या पायाचा आणि कानाचा काय संबंध?"

"मला काय माहीत. सरांना विचारा ना."

"विचारायचं काय त्यात? आपण बाकच देऊ. बाक दिसतात."

दिसतात म्हणजे काय, ते सांगतो. माझ्या खुर्चीच्या पाठीवर माझ्या धंद्याचं नाव असतं. खुर्ची कुठंही गेली, तरी ओळखून परत येते. बाकाला पाठ असते, तिथं रंगानं नाव घालता येतं. टोपीवर काय घालणार? ती पायाखाली. मी फॅब्रिकेशनवाल्याला फोन लावला, चौकोनी पाइपचे सहा बाक सांगितले, पेंटरला बसवून पाठीवर माझ्या आईचं नाव घालून घेतलं आणि गणपती व्हायच्या आत टेंपो शाळेत पाठवला. स्वतः मागं गाडीवर गेलो.

हेडसर व्हरांड्यात आले. बारीक माणूस, चष्मा डोक्यावर. बाक बघितले, नाव वाचलं, मला नमस्कार केला. "फार छान. आपण आलात, बरं झालं." टोप्यांबद्दल एक शब्द काढला नाही. बाक वर्गात नेले. शिपायानं लगेच एक जाड नोंदवही आणली, प्रत्येक बाकाला नंबर पडला आणि मला पोच मिळाली.

मला वाटलं तसं माझं कौतुक झालं. तरी चहा पिताना मीच विषय काढला, कारण डोक्यातून जात नव्हता. "सर, ते रबराचं काय होतं?"

"चौथीत एक मुलगी आहे. यंत्र लावलं तर तिला ऐकू येतं. पण वर्गात ती ते काढून कंपासपेटीत ठेवते. मग शिकवलेलं जातं डोक्यावरून. आईनं दाखल्याचा अर्ज दिलाय. दिवाळीनंतर तिला निवासी शाळेत घालायचं म्हणते. मी तो अर्ज अजून टेबलावर ठेवलाय."

"यंत्र काढते कशाला? महागाचं असेल."

"ते तुम्हीच ऐका. गुरुवारी आमच्या विशेष शिक्षिका येतात. वेळ आहे का?"

वेळ नव्हता. गणपती होते. मी गेलो.

विशेष शिक्षिका म्हणजे वेगवेगळ्या शाळांत फिरून अशा मुलांना बघणाऱ्या बाई. त्यांच्याकडं डॉक्टरांच्या नळीसारखी नळी होती. एक टोक मुलीच्या यंत्राला जोडायचं, दुसरं आपल्या कानात. यंत्र चालतं का, बिघडलंय का, ते त्या रोज ऐकून बघायला वर्गशिक्षिकेलाही शिकवतात. मुलगी शेजारी उभी होती, दोन वेण्या, यंत्र काढून दिलं म्हणून जरा रागावलेली. आपली वस्तू दुसऱ्यानं हाताळली की मी पण असाच बघतो.

चौथीच्या वर्गातच मी नळी लावली. बाई हळू बोलल्या, "ऐकू येतंय का, आजोबा?" आवाज आला, मोठा, जवळ. मग त्यांनी पोरांना सांगितलं, उभे राहा.

पोरं उभी राहिली. सव्वीस बाक एकदम फरशीवर सरकले.

मी नळी ओढून काढली. कानात कुणीतरी पत्रा फाडल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत मी लोखंडी पाइप ट्रकमधून उतरवताना ऐकलेत, पण ते लांबून. हे आत झालं.

"यंत्र बोलणं मोठं करतं, तसं हेही मोठं करतं," बाई म्हणाल्या. "आता यंत्रं बरीच सुधारलीत, तरी असा आवाज त्रास देतोच."

मुलीनं माझ्याकडं बघितलं आणि शेजारच्या पोरीला म्हणाली, "आजोबा पण घाबरले."

"घाबरलो नाही," मी म्हणालो. "दचकलो."

"तेच ते," ती म्हणाली. तिनं यंत्र परत घेतलं आणि कानात घातलं नाही. पेटीत ठेवलं.

मग मला मोजणी सुचली. आधी वीस बाक होते. मी सहा वाढवले. माझ्या बाकांच्या पायांना खाली नुसता कापलेला पाइप, तो जुन्यांपेक्षा जास्त करकरतो. म्हणजे मी पैसे घालून तिचा त्रास वाढवला होता. हेडसरांना हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

हेडसर म्हणाले, "आपण आणलेली वस्तू परत करायची रीत नाही. आणि बाक हवेच होते. काही बाकांवर तिघं बसतात. पाचव्या नंबरला का होईना, हवे होते."

मला राग आला, पण नेमका कुणाचा ते ठरेना. मी म्हणालो, "टोप्यांचं माप द्या."

माप देण्यात अर्धा तास गेला. जुन्या बाकांचे पाय गोल, एक इंची. मास्तरांनी शंभर लिहिले होते ते असे: वीस बाकांचे ऐंशी, वर्गाच्या बाईंच्या टेबल-खुर्चीचे आठ आणि बारा राखीव. राखीव कशाला, विचारलं तर म्हणाले, फरशीवर घासून तळ जातो, मग बदलावी लागते. आता माझे सहा बाक आले, त्यांचे चोवीस पाय चौकोनी. त्यांना वेगळ्या टोप्या. सरांनी पत्राच्या नकलेवर बारीक अक्षरात भर घातली: 'चौकोनी, चोवीस, राखीव चार.' बेरीज बदलली. खाली तारीख आणि सही. मला हे आवडलं. आमच्याकडं तोंडी चालतं आणि मग भांडणं होतात.

बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, मी स्वतः गेलो. दुकानदारानं आधी कडक प्लास्टिकच्या दाखवल्या, स्वस्त. मी एक टोपी घेऊन त्याच्या फरशीवर घासली. तो म्हणाला, "काका, काय करताय?" मी म्हणालो, "ऐकतोय." मग मऊ रबराच्या काढायला लावल्या. गिऱ्हाइकं बघत होती. बघू देत.

बसवायला शनिवारी शाळा सुटल्यावर गेलो, दोन माणसं घेऊन. टोपी आत साबणाचं पाणी लावल्याशिवाय चढत नाही, हे शिपायाला माहीत होतं आणि त्यानं ते आम्ही चार टोप्या फाडेपर्यंत सांगितलं नाही. विचारलं तर म्हणाला, "तुम्ही मंडपवाले, तुम्हाला काय सांगायचं." बरोबर आहे त्याचं. संध्याकाळपर्यंत सगळे बाक उताणे, मग सगळे सुलटे. माझ्या माणसानं एक बाक ढकलून बघितला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, परत ढकल. परत ढकलला. नुसतं फुसफुस.

पण मला बघायची होती ती मुलगी. सोमवारी मी पुन्हा गेलो. हेडसरांनी तिच्या आईलाही बोलावलं होतं. भाजीचा गाळा असणारी बाई, घाईत होती. आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो, गुडघे वर करून. तिनं मला विचारलं, "तुमचं नातवंड कुठलं?" मी म्हणालो, "एकही नाही." ती जरा सरकून बसली.

गणिताचा तास होता. वर्गाच्या बाईंनी मुलांना उठवलं, बसवलं, पुन्हा उठवलं. मुलगी यंत्र घालून बसली होती, पहिल्या वेळी खांदे वर करून थांबली, आता येईल, आता येईल. आलं नाही. दुसऱ्यांदा तिचा हात कानाकडं गेला आणि अर्ध्यातून खाली आला. तासाच्या शेवटी बाईंनी काहीतरी विचारलं, ते आम्हाला मागं नीट ऐकू आलं नाही, आणि तिनं उत्तर दिलं. चुकीचं दिलं. बाई म्हणाल्या, "नाही, अठ्ठेचाळीस." ती म्हणाली, "मी तेच म्हणणार होते." वर्ग हसला, तीही हसली.

बाहेर हेडसर उभे होते. आई पदर खोचत म्हणाली, "एका दिवसानं काय कळतंय, सर. दिवाळीपर्यंत बघते."

"अर्जाचं काय करू?" हेडसर म्हणाले.

तिनं वर्गाच्या दाराकडं बघितलं. आत पुढच्या तासाची पुस्तकं निघत होती.

"द्या इकडं," ती म्हणाली. "लागला तर दुसरा लिहीन."

हेडसर ऑफिसात गेले आणि टेबलावरून अर्ज घेऊन आले. तिनं तो न वाचता चार घड्या करून पिशवीत टाकला आणि गाळा उघडायला गेली.